सनदेचा अर्ज भरण्याआधी

पोरी, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सनदेच्या अर्जासोबत लागणारं चारित्र्य प्रमाणपत्र मी तुला देणार नाही. मी तुझा मोठेबाबा आहे. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात माझी उभी हयात गेली आणि तुझ्या वागण्याबद्दल माझ्या मनात तिळभरही शंका नाही, तरीही माझी सही तुझ्या कागदावर नको. आपल्या माणसानं आपल्या माणसाची ग्वाही दिली तर तिला वजन राहत नाही. ज्या वकीलसाहेबांकडे तू सुट्ट्यांमध्ये फाइली वाचायला बसत होतीस त्यांच्याकडे जा. त्यांनी तुला काम करताना पाहिलं आहे. दुसरं प्रमाणपत्र तुला शिकवलेल्या, पण नात्यात नसलेल्या माणसाकडून घे.

अर्जाच्या त्या वर्षीच्या नमुन्यात प्रमाणपत्राची अट काय लिहिली आहे ते ओळ न ओळ वाच: देणारा वकीलच हवा का, त्याची सनद किती जुनी हवी, प्रती किती हव्या. मागच्या वर्षी मैत्रिणीनं काय जोडलं यावर जाऊ नकोस. मग ज्यांच्याकडे जाशील त्यांना लेटरहेडवर लिहायला सांग. त्यात त्यांचा सनद क्रमांक असावा, तारीख असावी, ते तुला कधीपासून आणि कोणत्या नात्यानं ओळखतात हे असावं. बार रूममध्ये चहाच्या वेळी छापील कागदावर पाच पोरांना एका दमात सही मिळते, हे मी रोज पाहतो. त्या पाचही कागदांवर एकच मजकूर असतो, फक्त नाव बदललेलं. तपासणाऱ्याच्या टेबलावर तसले शेकडो कागद येतात आणि त्याला ते बघताक्षणी कळतात. त्यात आणखी एक घोटाळा होतो. वकीलसाहेब लिहून देतात, 'दहा वर्षांपासून ओळखतो', आणि पोराच्या बाकी कागदांवरून दिसतं की तो चार वर्षांपूर्वीच या गावात आला. खरं तेवढंच लिहून घे. दोन वर्षांची ओळख असेल तर दोन वर्षंच लिहू दे. कमी वर्षं लिहिली म्हणून अर्ज अडत नाही, पण न जुळणारी लिहिली तर प्रश्न उभे राहतात.

प्रमाणपत्राचं एवढं का सांगतो? कारण चारित्र्याचा खरा प्रश्न त्या दोन कागदांत नसतो, तो अर्जात तू स्वतः काय लिहितेस त्यात असतो. अधिवक्ता अधिनियम १९६१ चं कलम २४-अ एकदा मूळ कायद्यातून वाच, गाइडमधून नको. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, अस्पृश्यतेच्या कायद्याखाली शिक्षा झालेला, किंवा तसल्याच कारणानं सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेला माणूस नोंदणीला अपात्र ठरतो. ही अपात्रताही कायमची नाही. सुटकेनंतर किंवा बडतर्फीनंतर दोन वर्षं उलटली की ती संपते. म्हणजे कायदा शिक्षेबद्दल बोलतो, गुन्हा नोंदवला गेला म्हणून माणसाला बाद ठरवत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे नीट समजून घ्यायला हवं. कापसाच्या भावासाठी, विजेसाठी, पीकविम्यासाठी रस्ता रोको झाला की ठाण्यात पन्नास जणांवर गुन्हा नोंदवला जातो आणि त्यात कॉलेजची पोरंही असतात. त्यांतली काही पुढे एलएल.बी. करतात. अर्जात 'तुमच्यावर काही फौजदारी प्रकरण आहे का' या रकान्यापाशी त्यांचा हात थबकतो, आणि कोणीतरी शहाणा कानात सांगतो, 'लिही नाही म्हणून, कोण बघतंय यवतमाळात.' हा सल्ला सनदेचा घात करतो. रस्ता रोकोचं प्रलंबित प्रकरण लिहून दिलं, सोबत एफआयआरची आणि आरोपपत्राची प्रत जोडली, निकाल लागला असेल तर निकालाची प्रत जोडली, तर नोंदणी समिती ते वाचून ठरवू शकते. मात्र लपवलं, आणि पुढे पाच-सात वर्षांनी विरुद्ध पक्षकारानं ते शोधून तक्रार केली, तर कलम २६ च्या परंतुकाखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाला ते नावच नोंदवहीतून काढता येतं. महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल चुकीची माहिती देऊन, फसवणूक करून किंवा गैरवाजवी दबाव आणून नाव लावून घेतलं असेल तर तिथे तशी सोय आहे. तोवर त्या माणसानं शेकडो वकीलपत्रं दाखल केलेली असतात. जे प्रकरण उघड लिहिलं असतं तर बहुधा निभावलं असतं, तेच लपवल्यामुळे गळ्याशी येतं.

तुझ्यावर असलं काही नाही, मला ठाऊक आहे. पण तुझ्या वर्गातल्या त्या उमरखेडच्या पोरावर आहे. त्याला हे सांग.

आता तुझा मुख्य घोळ, नावाचा. सनदेचे बहुतेक अर्ज कायद्याच्या मुद्द्यावर अडत नाहीत, नावाच्या अक्षरांवर अडतात. एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्याकडे घरोघरी सापडेल. आर्णीजवळच्या तांड्यावरची एक पोर होती, बंजारा समाजातली. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव 'भाऊराव', बी.ए.च्या पदवीवरही 'भाऊराव', आणि एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाचा परीक्षा अर्ज भरताना सायबर कॅफेतल्या पोरानं 'भावराव' टाइप केलं. पुढे सहाही सत्रांच्या गुणपत्रिका त्याच नावानं निघाल्या. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं, आधार कार्डावर सासरचं आडनाव आलं, बँकेच्या पासबुकावरही तेच. अर्ज करायला बसली तेव्हा तिच्याकडे कागद पूर्ण होते, फक्त ते तीन वेगवेगळ्या बायकांचे वाटत होते.

असं झालं की पोरं सरळ नोटरीकडे धावतात आणि 'ही तिन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र करून घेतात. ते लागतं, पण ते शेवटचं पाऊल आहे. पहिलं पाऊल म्हणजे कोणता कागद मूळ धरायचा ते ठरवणं, आणि मूळ नेहमी दहावीचा. दहावीची गुणपत्रिका मंडळाची, आपल्या जिल्ह्यासाठी अमरावती विभागीय मंडळाची. तिच्यात शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती करून घेणं फार कष्टाचं. विद्यापीठाचं तसं नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात नावाची दुरुस्ती करायची तर कॉलेजमार्फत अर्ज जातो आणि त्याला आधार म्हणून दहावीची गुणपत्रिकाच लावायची असते. म्हणून त्या पोरीला आधी एलएल.बी.च्या गुणपत्रिका दुरुस्त करून घ्यायला लावलं, आणि तेही पदवी प्रमाणपत्र छापण्याआधी. दीक्षान्त समारंभानंतर पदवीच चुकीच्या नावानं हातात आली की ती परत छापून घेण्याचा फेरा वेगळा आणि लांब. विद्यापीठाला वेळ लागला, पण सहाही गुणपत्रिका आणि पदवी एका नावाच्या झाल्या.

मग लग्नाचं आडनाव. इथे तिनं मला विचारलं, सनद कोणत्या नावानं घेऊ? माझं म्हणणं असं की शिक्षण ज्या नावानं झालं त्याच नावानं सनद घ्यावी. सासरचं नाव हवंच असेल तर आधी शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि राजपत्राची प्रत व विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा. नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर नाव बदलू नये. सनदेवर जे नाव पडतं तेच पुढे वकीलपत्रावर, न्यायालयाच्या हजेरीत, ई-फायलिंगच्या खात्यात, बार असोसिएशनच्या यादीत आणि कल्याण निधीच्या कागदांत राहणार. नंतर बदलायचं म्हटलं तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा फेऱ्या. तिनं माहेरचं नाव ठेवलं. सासरच्या मंडळींना ते सुरुवातीला रुचलं नाही, पण ती पुसदच्या न्यायालयात उभी राहिली आणि पाटीवर तिचं नाव बघून सासऱ्यांची हरकत संपली.

शेवटी, इतकं सगळं झाल्यावर, तिनं एकच प्रतिज्ञापत्र केलं: आधार कार्डावरील आणि शैक्षणिक कागदांवरील व्यक्ती एकच आहे. ते दोन ओळींचं होतं आणि त्याला विवाह प्रमाणपत्राचा आधार होता. तीन नावांची गोष्ट सांगणारं दोन पानी प्रतिज्ञापत्र जोडण्याची वेळ तिच्यावर आली नाही.

तुझं काम सोपं आहे. तुझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं आहे, तेवढं बघ. सगळे कागद टेबलावर दहावीपासून ओळीनं मांड आणि स्पेलिंग अक्षर-अक्षर मोजून ताड. जन्मतारीखही ताड. कायद्याला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात. तुझी झालेली आहेत, पण शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र यांवरची तारीख एक हवी.

एक वेगळा अडथळा तुला नाही, पण तुझ्या ओळखीच्या कोणाला असेल म्हणून सांगून ठेवतो, कारण तो सनदेच्या टेबलापर्यंत पोचल्यावर कळला तर तीन वर्षं वाया जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत असं आहे की तीन वर्षांच्या एलएल.बी.ला येणाऱ्याची आधीची पदवी पायऱ्या चढून आलेली हवी: दहावी, मग बारावी, मग पदवी. मुक्त विद्यापीठाची पदवी असणं हा दोष नाही. आपल्याकडे शेतात राबत, दुकानात बसून, मुलं सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेली माणसं तालुक्या-तालुक्यात आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. पण ज्यांनी बारावी न करता पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून थेट पदवीला प्रवेश घेतला, त्यांना तो नियम आडवा येतो, कारण पायाची पात्रता नसताना मुक्त पद्धतीनं थेट मिळवलेली पदवी कायद्याच्या प्रवेशासाठी चालत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कॉलेजनं प्रवेश दिला म्हणून सनद मिळेलच असं धरू नये. अमोलकचंद विधी महाविद्यालयात असो की कुठेही, पहिल्या वर्षाची फी भरण्याआधीच बारावीचा कागद काढून बघावा.

आता पैशाचं. या बाबतीत तुझ्या आधीच्या पोरांनी जे भोगलं ते तुला भोगावं लागू नये म्हणून नीट ऐक. कलम २४ च्या पोटकलम (१)(फ) मध्ये नोंदणी शुल्क लिहिलेलं आहे: राज्य बार कौन्सिलला सहाशे रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला दीडशे, मिळून ७५०. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी शंभर आणि पंचवीस, मिळून १२५. मुद्रांक शुल्क लागू असेल तर तेवढं वेगळं. १९९३ च्या दुरुस्तीपासून हाच आकडा आहे. पण मधल्या काळात देशभरच्या राज्य परिषदांनी याच्या डोक्यावर एकेक शीर्षक चढवत नेलं: ग्रंथालय निधी, कल्याण निधी, ओळखपत्र, प्रशिक्षण, पडताळणी, अर्जाची किंमत. काही राज्यांत सनदेचा एकूण खर्च चाळीस हजारांवर गेला. आपल्याकडेही तो कायद्याच्या आकड्याच्या कितीतरी पट होता. कोलाम पोडावरच्या पोरासाठी कायद्यानं शंभर आणि पंचवीस लिहिले होते आणि त्याच्या हातात हजारोंचं चलान पडत होतं.

३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गौरव कुमार विरुद्ध भारत संघ या प्रकरणात हे बंद केलं. तेव्हा सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड. निकालाचा गाभा असा: नोंदणीची अट म्हणून राज्य परिषदांना कायद्यातल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येणार नाही, मग त्या रकमेला नाव काहीही द्या. संसदेनं ठरवलेल्या आकड्याच्या वर जाण्याचा अधिकार परिषदेला नाही, आणि अशी आकारणी गरीब व वंचित घरातल्या मुलांना या पेशाच्या दाराबाहेर ठेवते, म्हणून ती समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्काला बाधक आहे. न्यायालयानं हा निकाल पुढच्या काळासाठी लागू केला, त्यामुळे आधी भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. त्यानंतरही 'ऐच्छिक' म्हणून काही जास्त रक्कम घेतल्याची तक्रार कर्नाटकातून न्यायालयापुढे गेली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की नोंदणीच्या वेळी ऐच्छिक असं काही शुल्क नसतं, तेही थांबवा.

हे माहीत असण्याचा उपयोग भांडण करण्यासाठी नाही. अर्जाच्या खिडकीवर उभी राहून निकाल वाचून दाखवायला जाऊ नकोस, तिथला कारकून नियम बनवत नाही. अर्जाच्या सूचनांत शुल्काचा तक्ता बघ, ७५० किंवा १२५ शिवाय कशासाठी रक्कम दिसली तर ती नोंदणीची अट आहे का ते लेखी विचार, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घे. मध्यस्थाला एक पैसा द्यायचा नाही. 'मी मुंबईहून करून देतो, सगळं मिळून एवढे' असं सांगणारा माणूस कोर्टाच्या आवारात भेटेलच. नोंदणी झाल्यानंतर वकिलांच्या सेवांसाठी, कल्याण निधीसाठी परिषद वेगळं शुल्क घेते. ते नोंदणीच्या शुल्कात मिसळायचं नसतं, एवढं लक्षात ठेव.

सवलतीबद्दल आपल्या जिल्ह्यात एक गैरसमज कायम होतो. कायद्यानं १२५ रुपयांची सवलत फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना दिली आहे. यवतमाळात गोंड, कोलाम, परधान, आंध हे अनुसूचित जमातीत येतात. झरी-जामणीचा कोलाम पोरगा आणि महागावची आंध पोर, दोघांनाही १२५ लागतील, उपविभागीय अधिकाऱ्यांनी दिलेला जातीचा दाखला जोडून. पण बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, अनुसूचित जमातीत नाही. इतर मागासवर्गीयांचंही तसंच. त्यांना महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली, फीमाफी मिळाली, म्हणून इथेही मिळेल असं वाटतं आणि १२५ भरून अर्ज लावला जातो. मग त्रुटीचं पत्र येतं, फरक भरा म्हणून, आणि त्यात महिना जातो. आर्णीच्या त्या पोरीनंही तेच करायचं ठरवलं होतं. तिला आधीच थांबवलं, म्हणून ती ७५० भरून मोकळी झाली.

अर्ज कुठे करायचा हा प्रश्न वणी आणि पांढरकवड्याच्या पोरांना पडतो, कारण तिकडून आदिलाबाद जवळ आणि मुंबई लांब. कलम २५ सांगतं, जिथे तुझा वकिली करण्याचा मानस आहे त्या क्षेत्राच्या राज्य परिषदेकडे अर्ज कर. तू यवतमाळात आणि पुढे नागपूर खंडपीठापुढे उभी राहणार, म्हणून तुझा अर्ज बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे. पदवी कोणत्या राज्यातली आहे यावर ते ठरत नाही. एका वेळी एकाच राज्याच्या नोंदवहीत नाव ठेवता येतं, आणि एकदा नाव लागलं की देशातल्या कुठल्याही न्यायालयात उभं राहता येतं. एका परिषदेनं अर्ज नाकारला तर त्या परिषदेची आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची लेखी संमती असल्याशिवाय दुसरी परिषद तो घेत नाही. म्हणून अर्धवट अर्ज 'जाऊ द्या, बघू' म्हणून पाठवायचा नाही.

नोकरीचा रकाना. पदवी आणि अर्ज यांमध्ये काही वर्षं गेली असतील तर त्या काळात काय केलं ते विचारलं जातं, आणि तेही प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागू शकतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा, बँकेत असणारा किंवा कृषी विभागातला माणूस रात्रीच्या वेळी अभ्यास करून एलएल.बी. होतो, आणि नोकरी ठेवून सनदही घेऊन ठेवू म्हणतो. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा नियम. नोकरी सोडली असेल तर राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र आणि कार्यमुक्तीचा आदेश जोडायचा, नुसती राजीनाम्याची प्रत पुरत नाही. स्वतंत्र व्यवसायाचंही तसंच. डॉ. हनिराज चुलानी विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा हा १९९६ चा निकाल आपल्याच परिषदेतला आहे. ते मुंबईत वैद्यकी करणारे शल्यचिकित्सक. वैद्यकी चालू ठेवूनच त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि दोन्ही पेशे चालवण्यासाठी नोंदणी मागितली. परिषदेनं नाकारली, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो नकार योग्य ठरवला. वकिली पूर्ण वेळ मागते, हे त्याचं कारण. निवृत्त माणसाला मात्र अडचण नाही. पंचेचाळीस वर्षांवरच्यांना नोंदणी नको असा एक नियम होता, तो सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच रद्द केला. म्हणून तुझ्या वर्गातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना सांग, निवृत्तीचा आदेश जोडा आणि खुशाल अर्ज करा.

कागद तपासणीसाठी बोलावलं तर मूळ प्रती घेऊन जायचं. परिषदेचं कार्यालय मुंबईत फोर्ट भागात, उच्च न्यायालयाच्या परिसरात आहे. यवतमाळहून धामणगावला जा आणि तिथून विदर्भ एक्सप्रेस धर. ती रात्रभर चालून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते आणि तिथून फोर्ट जवळच आहे. मूळ कागद सामानाच्या बॅगेत ठेवू नकोस. ते वेगळ्या फाइलमध्ये, झोपताना उशाशी. निघण्याआधी प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत मोबाइलमध्ये आणि घरी दोन्हीकडे ठेव.

सनद हातात येईपर्यंत गळ्यात बँड आणि अंगावर गाऊन चढवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. नोंदणी नसताना न्यायालयात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. माझ्यासोबत कोर्टात ये, मागच्या बाकावर बस, तारखा लिहून घे, पण 'मे इट प्लीज युवर ऑनर' म्हणायला तोंड उघडू नकोस. सनदेवर जी तारीख पडेल तिच्यावरून तुझी ज्येष्ठता मोजली जाईल, म्हणून ती तारीख जपून ठेव.

सनद मिळाली तरी ती तात्पुरती असते. अखिल भारतीय बार परीक्षा दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला, त्यामुळे ती कधीतरी बंद होईल या आशेवर बसू नकोस. शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात, उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. टिपा-टीका नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. यवतमाळच्या पोरांना एवढंच सांगतो की मूळ कायद्याचं पुस्तक आधी हाताळलेलं असावं. परीक्षेच्या दिवशी नवं कोरं पुस्तक उघडून कलम शोधणाऱ्याचा सगळा वेळ अनुक्रमणिकेत जातो. भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांची पुस्तकं १ जुलै २०२४ नंतरचीच घे. जुन्या भारतीय दंड संहितेचे क्रमांक डोक्यात असतील तर ते वेगळे ठेवायला आत्तापासून शीक. उत्तीर्ण झालीस की व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. सनद ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी डायरीत दोन वर्षांनंतरची तारीख लिहून ठेव आणि पहिल्याच परीक्षेला बस, दुसरीची वाट बघू नकोस.

आज संध्याकाळी दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका घेऊन ये. बारावीचं स्पेलिंग मीच बघतो.